मागावरचे कान: कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: यंत्रमाग कामगारांना दिले जाणारे इअरप्लग कानात नीट बसतात की नाही, हे तपासण्याबाबत

महोदय,

मी निवृत्त सुरक्षा अधिकारी आहे. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव इथल्या यंत्रमाग कामगारांच्या कानांविषयी आपल्याकडे काही मागणी करतो आहे.

धोट्याच्या जुन्या मागांच्या शेडमध्ये आवाज 100 डेसिबलच्या आसपास असतो. आपल्याकडच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबलची मर्यादा आहे आणि त्यावर दर पाच डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलमध्ये कानांवर संरक्षण नसेल, तर दोनच तास काम करता येते. मागावर पाळी बहुधा बारा तासांची असते. बारा तासांना हेच गणित लावले, तर मर्यादा 87 डेसिबलवर येते.

या आवाजाने आतल्या कानातल्या केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. नुकसान आधी 4000 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांत, दिसते. म्हणून सुरुवातीला माणसाला आपण बहिरे होतोय असे वाटतच नाही. बोलणे ऐकू येते, पण स, श, त, क यांसारखी व्यंजने निसटतात आणि शब्द कळत नाही. घरचे म्हणतात, लक्ष देत नाही. बहिरेपणाची खात्री पटेपर्यंत बरीच वर्षे गेलेली असतात. हा आजार 1948 च्या कारखाने कायद्याच्या अधिसूचित रोगांत होता, 2020 च्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहे. पण कानाची तपासणीच होत नसेल, तर नोंद कुठून होणार?

आवाज मुळातच कमी करणे हा खरा उपाय आहे. धोटा नसलेले नवे माग, मागांची वेळच्या वेळी देखभाल, छताला आवाज शोषणारे आवरण, हे सगळे हवे. त्याला वेळ आणि पैसा लागेल. तोवर कामगाराचे कान वाचवायला इअरप्लग आहे, आणि आज सगळ्यात जास्त फसवणूक त्याच्याच बाबतीत होते.

एक उदाहरण घेऊ. शेडचा आवाज 100 डेसिबल. मालकाने फोमचे प्लग आणले, खोक्यावर एनआरआर, म्हणजे किती डेसिबल आवाज अडतो तो आकडा, 29 लिहिलेला. रजिस्टरमध्ये सह्या झाल्या आणि 100 वजा 29 म्हणजे 71 डेसिबल, असा सगळ्यांचा समज झाला. पण 29 हा आकडा प्रयोगशाळेत, शिकवलेल्या माणसांच्या कानात काळजीपूर्वक बसवलेल्या प्लगचा असतो. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याची रीत अशी, की आधी सात वजा करायचे आणि प्रत्यक्ष वापराचा अंदाज हवा असेल तर उरलेल्याचे निम्मे धरायचे. 29 वजा 7 म्हणजे 22, त्याचे निम्मे 11. कानापर्यंत पोचतात 89 डेसिबल. बारा तासांच्या 87 च्या मर्यादेपेक्षा हे जास्तच आहे. तोच प्लग नीट बसला, तर 22 डेसिबल मिळू शकतात आणि कानापाशी 78 उरतात. प्लग तोच, पैसे तेवढेच. फरक फक्त बसवण्याचा. अर्धवट खुपसलेला प्लग तर जवळजवळ काहीच अडवत नाही. कानात कोंबलेल्या कापसाच्या बोळ्याचेही तेच. मागावर कापूस हाताशी असतो म्हणून तो सर्रास वापरला जातो.

फोमचा प्लग बसवायची रीत अशी. हात स्वच्छ हवेत. प्लग बोटांत हळूहळू वळून सुरकुती न पडता जितका बारीक होईल तितका करायचा. सुरकुती राहिली की तिच्यातून आवाजाला वाट मिळते. मग दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वरच्या टोकाला धरायचा आणि वर व मागे ओढायचा. कानाची नळी वाकडी असते. ओढल्यावर ती बरीच सरळ होते. बहुतेक जण हीच पायरी गाळतात आणि प्लग कानाच्या तोंडाशीच अडकतो. वळलेला प्लग लगेच आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा, वीस ते तीस आकडे मोजत. लगेच बोट काढले तर प्लग फुगताना बाहेर सरकतो.

बसला की नाही, हे कळायला यंत्र लागत नाही. समोर उभ्या सोबत्याने पाहावे: प्लगचे टोक कानाबाहेर ठळक दिसत असेल, तर तो आत गेलेला नाही. मग चालू मागाजवळ दोन्ही हातांच्या ओंजळी कानांवर घट्ट दाबायच्या आणि काढायच्या. हात दाबल्यावर आवाज बराच कमी झाला, तर प्लग गळतो आहे. काढून पुन्हा बसवायचा. फारसा फरक पडला नाही, तर ठीक. काढताना हळूहळू पिळत काढायचा, झटका दिला तर पडद्यावर ताण येतो.

माग दुरुस्त करणाऱ्या, तेलाचे हात असणाऱ्या जॉबरला फोम वळणे जमत नाही, वळला तरी घाण कानात जाते. त्याच्यासाठी दोरीचे, रबरी पापुद्र्यांचे प्लग बरे. ते वळावे लागत नाहीत आणि धुता येतात, पण कानाच्या मापाचे हवेत. कांडी भरणाऱ्या बायकांच्या कानाची नळी बहुधा लहान असते. पुरुषांच्या मापाचा प्लग त्यांना दुखतो आणि तासाभरात खिशात जातो. काहींचे तर डाव्या-उजव्या कानाचे माप वेगळे असते. ज्यांचा कान वाहतो, त्यांनी प्लग घालूच नये. आधी डॉक्टर आणि तोवर कानावर बसणारे इअरमफ.

प्लग काढून ठेवण्याचे आणखी एक कारण ऐकायला मिळते: "सूत तुटल्याचं कळत नाही, जॉबरची हाक ऐकू येत नाही." हे खोटे नाही. ज्याचे ऐकणे आधीच कमी झाले आहे, त्याला सगळ्यात जास्त अडवणारा प्लग दिला तर तो जगापासून तुटतो. कानापाशी 75 ते 80 डेसिबल उरतील असा प्लग निवडला, तर तो अंगवळणी पडतो. आणि 100 डेसिबलमध्ये दोन तासच चालतात हे लक्षात घेता, पाळीत इथे दहा मिनिटे, तिथे पंधरा, असा मिळून दोन तास प्लग खिशात राहिला, तर दिवसाची मुभा तेवढ्यातच संपते, मग तो कितीही भारी असो.

म्हणून माझी मागणी अशी. प्लग वाटणाऱ्या प्रत्येक शेडमध्ये किमान दोन प्रकार आणि दोन मापे ठेवणे बंधनकारक करा. वाटपाच्या वेळी प्रत्येक कामगाराला एकेकट्याला, त्याच्या भाषेत शिकवून त्याच्या स्वतःच्या हातांनी प्लग बसवून घ्या. भिंतीवरचे चित्र पुरत नाही. कामावर घेतानाच प्रत्येकाची श्रवणचाचणी करा आणि नंतर दर वर्षी करा, म्हणजे 4000 हर्ट्झवरची घसरण वेळेत सापडेल. अनेक लहान शेड कामगारसंख्येमुळे कारखान्याच्या कायदेशीर व्याख्येबाहेर राहतात. या तरतुदी त्यांनाही लागू करा. आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या निरीक्षकांना आदेश द्या, की तपासणीच्या वेळी रजिस्टरमधल्या सह्यांवर न थांबता चालू शेडमध्ये कोणत्याही दहा कामगारांचे कान पाहावेत, ओंजळीची चाचणी करून घ्यावी आणि किती जणांचे प्लग गळत होते, तो आकडा अहवालात लिहावा.

आपला,
एक निवृत्त सुरक्षा अधिकारी