कूलरची वॉरंटी आणि ३१ मार्चचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपुरात कूलर बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या छोट्या धंद्यांच्या वह्या मी बऱ्याच वर्षांपासून पाहतो. दर मार्चअखेर एक चूक हमखास दिसते, म्हणून हे पत्र. वॉरंटीसाठी किती रक्कम बाजूला ठेवायची, म्हणजे किती तरतूद करायची, हे बहुतेक ठिकाणी अंदाजाने ठरते. कोणी विक्रीच्या एक टक्का लिहितो, कोणी दोन, आणि कोणी काहीच लिहीत नाही. ‘तक्रार आली की बघू, तेव्हा खर्च टाकू’ असे हा शेवटचा म्हणतो. पण वर्षभर मोफत दुरुस्तीची जबाबदारी बिल फाडले त्याच दिवशी आपल्या डोक्यावर येते. एका कूलरबाबत बिघाडाची शक्यता कमी असेल, हजार कूलर एकत्र धरले की काही बिघडणारच. हिशेब मानक २९ नेमके हेच सांगते.

ही चूक आपल्याकडे जास्त महागात पडते, कारण आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि तेव्हा आपला हंगाम नुकता सुरू झालेला असतो. मार्चमध्ये विकलेल्या कूलरचे बिल या वर्षात आणि त्याच्या तक्रारी एप्रिल-मेमध्ये, म्हणजे पुढच्या वर्षात. वर्षभराच्या विक्रीला सरसकट एकच टक्का लावला तर हा फरक हिशेबात येतच नाही.

मी कसा हिशेब करतो ते उदाहरणाने सांगतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल धरले आहेत. एका कारखान्याने वर्षभरात ३,००० कूलर विकले: एप्रिल ते जून १,८००, जुलै ते फेब्रुवारी २०० आणि मार्चमध्ये १,०००. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून बारा महिने. मागच्या तीन वर्षांची जॉब कार्डे काढून प्रत्येक तक्रार तिच्या बिलाच्या महिन्याखाली मांडली, तेव्हा दिसले की शंभर कूलरमागे पूर्ण वॉरंटीत नऊ तक्रारी येतात.

आता या नऊपैकी ३१ मार्चनंतर किती यायच्या बाकी आहेत, हे पाहायचे. एप्रिल-जूनमध्ये विकलेल्यांच्या सहा त्याच हंगामात येऊन जातात, तीन उरतात. गेल्या मेमध्ये घेतलेला कूलर पावसाळ्यापासून अडगळीत पडलेला असतो. उन्हं तापली की तो बाहेर निघतो, आणि बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार सुकून पंपाचा पंखा जाम झालेला असतो. वॉरंटीचे काही आठवडे अजून शिल्लक असतात, मेकॅनिकला जावेच लागते. जुलै-फेब्रुवारीची विक्री थोडी, पण ते कूलर अजून चाललेलेच नसतात, म्हणून त्यांच्या नऊच्या नऊ बाकी. मार्चमधल्यांची एखादी तक्रार मार्चमध्येच येते, आठ बाकी.

म्हणजे १,८०० वर तीन टक्क्यांनी ५४, २०० वर नऊ टक्क्यांनी १८ आणि १,००० वर आठ टक्क्यांनी ८०, एकूण १५२ तक्रारी यायच्या आहेत. यातल्या निम्म्याहून जास्त एकट्या मार्चच्या विक्रीच्या आहेत.

दुरुस्तीची सरासरी काढताना लोक फक्त सुट्या भागांची किंमत धरतात. याच कारखान्यात शंभर तक्रारींत ४० पंपाच्या, २५ मोटरच्या आणि ३५ किरकोळ होत्या, म्हणजे स्विच, वायर, फ्लोट असले काही. कूलरच्या बाजूंच्या गवती ताट्या वॉरंटीत येत नाहीत. पंप २५० रुपये, मोटरचे वाइंडिंग ९००, किरकोळ काम ७० धरले तर शंभर तक्रारींचे ३४,९५० रुपये होतात. पण मोटर जागेवर दुरुस्त होत नाही. मेकॅनिक ती खोलून आणतो आणि वाइंडिंग झाल्यावर पुन्हा बसवायला जातो. म्हणून शंभर तक्रारींना १२५ फेऱ्या, फेरीला १२० रुपयांप्रमाणे १५,००० रुपये. दोन्ही मिळून तक्रारीमागे जवळपास ५०० रुपये, आणि तरतूद १५२ गुणिले ५०० म्हणजे ७६,००० रुपये. फेऱ्या विसरल्या तर हीच तरतूद जवळपास ५३,००० वर येते.

पूर्ण विक्रीवर नऊ टक्के लावून १,३५,००० लिहिणारेही मी पाहिले आहेत. त्यात याच विक्रीच्या निस्तरलेल्या ११८ तक्रारी पुन्हा मोजल्या जातात. त्यांचे ५९,००० रुपये वर्षभरात खर्ची पडलेलेच असतात.

उलटी चूक दर काढताना होते. समजा आदल्या वर्षी विक्री २,००० होती आणि ती याच प्रमाणात महिन्यांत वाटलेली होती. तर यंदा जुन्या विक्रीच्या १०१ आणि नव्या विक्रीच्या ११८, अशा २१९ तक्रारी आल्या. यंदाच्या तक्रारींना यंदाच्या ३,००० विक्रीने भागले की दर ७.३ टक्के निघतो आणि मालक खूश होतो. माल सुधारलेला नसतो. विक्री वाढली आहे आणि तिच्या तक्रारी अजून वाटेत आहेत. तक्रारीला तिच्याच बिलाच्या विक्रीने भागले तरच खरा नऊचा आकडा मिळतो. विक्री घटत्या वर्षी हाच भागाकार दर फुगवून दाखवतो.

संख्या मागच्या वर्षांवरून घ्यावी, किंमत मात्र आजची धरावी. तांब्याचा भाव चढला की वाइंडिंगवाला दर वाढवतो. ९०० चे १,०८० झाले तर तक्रारीमागे ४५ रुपये वाढतात आणि तरतुदीत ६,८४० ची भर पडते. एखाद्या वर्षी पंपाचा अख्खा लॉट खराब निघाला असेल तर ते वर्ष सरासरीत मिसळू नये. त्या लॉटचे किती पंप अजून वॉरंटीत आहेत ते मोजून वेगळी रक्कम धरावी. मोटर पुरवठादार पैसे परत देणार असेल, तर तेही तरतुदीतून वजा करायचे नाहीत. मिळणे जवळपास निश्चित असेल तरच ते वेगळे येणे म्हणून दाखवायचे.

हे सगळे आयकरासाठीही कामाचे आहे. रोटॉर्क कंट्रोल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये वॉरंटीची तरतूद वजावटीस पात्र ठरवली, पण ती जुन्या अनुभवावर बेतलेली, विश्वासाने मोजता येणारी हवी, असे सांगून. त्या कंपनीकडे वर्षानुवर्षांची आकडेवारी होती आणि न लागलेली रक्कम ती परत फिरवत असे. ‘दोन टक्के, अंदाजे’ एवढ्यावर अधिकाऱ्यासमोर काय उभे राहणार?

माझ्या व्यापारी बांधवांना आणि हिशेबनीस मित्रांना विनंती एकच: जॉब कार्डावर तक्रारीच्या तारखेशेजारी बिलाची तारीख लिहायला लावा. बहुतेक कार्डांवर ती नसते, आणि तिच्याशिवाय वरचे एकही गणित मांडता येत नाही. मेकॅनिकला ती वॉरंटी कार्डावरून पाहून लिहायला अर्धा मिनिटही लागत नाही. मग जून संपला की आलेल्या तक्रारी त्या १५२ शी ताडून पाहा. १२० च आल्या आणि एप्रिल-जूनच्या बिलांची मुदत संपली, तर त्यांच्या वाट्याची उरलेली रक्कम नफ्यात परत घ्या, पुढच्या वर्षासाठी दाबून ठेवू नका. १८० आल्या तर कोणत्या महिन्याच्या बिलांनी आकडा वाढवला ते कार्डांवरूनच कळेल.

आपला,
एक हिशेबनीस, इतवारी, नागपूर