वॉर्साच्या बाईंचा निरोप

ती. बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, वॉर्साच्या त्या बाईंना ऑफिसनं निरोपाला काय दिलं, असं तुम्ही फोनवर विचारलंत. शाल-श्रीफळ नाही की भाषणं नाहीत. एक छोटा व्हिडिओ कॉल झाला, त्यातही निम्म्यांचे कॅमेरे बंद. जे काही सांगायचं ते शेवटी चॅटवरच.

त्यात वेळेची भानगड मोठी. त्यांचं खातं शेवटच्या शुक्रवारी त्यांच्या संध्याकाळच्या पाचला बंद होणार होतं. उन्हाळ्यात पोलंड आपल्या साडेतीन तास मागे असतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे घेतात आणि फरक साडेचार तासांचा होतो. तो रविवार नुकताच होऊन गेला होता, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. पण तोवर थांबून चालत नाही. खातं बंद झालं की जुनं बोलणं माझ्या स्क्रीनवर राहतं, त्यांना मात्र ते उघडता येत नाही. शिवाय शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत करायचा, कामं सोपवायची, त्या गडबडीत संध्याकाळचा मेसेज न वाचताच राहतो. म्हणून दुपारी दीडला पाठवला. तिकडे सकाळचे नऊ वाजले होते.

ग्रुपवर ‘ऑल द बेस्ट’ची रांग लागली होती, त्यात मीही एक टाकला. वेगळा लिहिला तो फक्त त्यांना. नोकरी का सोडली हे विचारलं नाही, साहेबांबद्दलही अवाक्षर काढलं नाही; ऑफिसचं चॅट आहे, कंपनीनं ठरवलं तर ती वाचू शकते. लिहिलं ते एवढंच: “सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत अक्षता सोहळ्याच्या दिवशी माझी रात्रपाळी तुम्ही घेतलीत, म्हणून मी संमती कट्ट्यावर जाऊ शकले. आणि पहिल्या कॉलवर तुम्ही विचारलं होतंत, तुमच्याकडे पाऊस पडतोय का? तो शेजारचा यंत्रमाग होता. हा माझा घरचा ईमेल. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.”

त्यांचा पत्ता मुद्दामच मागितला नाही. मागितला की माणूस भिडेखातर देतो. आपला देऊन ठेवला की पुढचं त्यांच्या मर्जीवर. (आई, हसू नकोस. तूही ओट्यावरच्या बायकांना नंबर असाच देतेस.)

चारच्या सुमारास उत्तर आलं. स्वतःहून ईमेल दिला आणि खाली लिहिलं, त्या ‘पावसाचा’ व्हिडिओ पाठवशील का? मी खिडकीतून काढून बघितला, पण नुसती खटखट ऐकू येते, धोटा काही दिसत नाही. बाबा, तुम्ही पुण्याहूनच शेजारच्या काकांना एक फोन करा ना. पाळी बदलायच्या वेळी मी कारखान्यात आले तर चालेल का, एवढं विचारा. माझ्यापेक्षा ते तुमचं ऐकतील.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुमची,
ताई