पावडर बदलली, पाकीट सांगत नाही

कपडे धुण्याच्या पावडरींवरील आपल्या दैनिकातील लेख वाचला. 'तक्रार लेखी करा' हा त्यातील सल्ला योग्य आहे, पण तक्रारीत काय लिहायचे तेही सांगायला हवे होते.

आमच्या घरी नेहमीच्याच पावडरीचे नव्या रूपातील पाकीट आले. तिसऱ्या धुण्याला निळ्या सुती साडीचा रंग उतरला. मुलाच्या मानेवर आणि इलॅस्टिक बसते तिथे कमरेवर खाज सुटली. कंपनीला ई-मेल केला, तर 'पाणी जड असेल' असे उत्तर आले. बोअरचे पाणी तर वर्षानुवर्षे तेच आहे!

जुन्या पाकिटात मूठभर पावडर शिल्लक होती. साडीच्या काठाआतल्या कापडाचे दोन तुकडे दोन मगांत, सारख्याच मापाने अर्धा तास भिजवले. नव्या पावडरीचे पाणी निळे झाले, जुन्या पावडरीचे जवळजवळ स्वच्छच राहिले. मुलाचे कपडे जुन्या पावडरीने धुऊन तीनदा खळबळले, तेव्हा चार दिवसांत खाज थांबली. खाजेचे नेमके कारण मात्र त्वचारोगतज्ज्ञच सांगू शकतील.

दुसऱ्या ई-मेलमध्ये बॅच क्रमांक, उत्पादनाचा महिना, मगांचे फोटो आणि एकच प्रश्न लिहिला : ब्लीच, एन्झाइम किंवा सुगंध यांत काय बदलले? त्याचे उत्तर अद्याप नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवत आहे. मिश्रण बदलले की पाकिटावर ठळक छापणे कंपन्यांना बंधनकारक करावे.

– एक गृहिणी, राजारामपुरी, कोल्हापूर