नकारपत्र मी तीनदा वाचलं

मिरज, ७ ऑगस्ट २०२५

चि. सानिकास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुला रडू आवरत नव्हतं, म्हणून मी फार बोललो नाही. तू पाठवलेलं ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसाचं नकारपत्र काल रात्री प्रिंट काढून घेतलं आणि पेन्सिल घेऊन बसलो. आधी एक गोष्ट मान्य करतो. यात तुझी काही चूक नाही. चूक माझ्या हातून झाली आहे, आणि ती नेमकी कुठे झाली ते त्या पत्रातच लिहिलेलं आहे.

तुझी मैत्रीण म्हणते निर्णय पुन्हा तपासायला रिव्ह्यू टाक, एजंट म्हणतो लगेच नवा अर्ज कर. दोघांनीही पत्राचं पहिलं पान पाहिलं आणि 'नाकारला' या शब्दापाशी थांबले. मला वाटतं, त्या शब्दाच्या पुढे जे लिहिलंय त्यावरच सगळं ठरतं.

ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसाला एकूण ७० गुण लागतात. विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशाच्या खात्रीपत्राचे, म्हणजे 'कॅस'चे, आणि अभ्यासक्रमाचे ५०, इंग्रजीचे १० आणि पैशांचे १०. तुझ्या पत्रात पहिले दोन पूर्ण मिळालेत. म्हणजे कॅसबद्दल किंवा तुझ्या इंग्रजीबद्दल त्यांची काही तक्रार नाही. तू खरंच शिकायला चालली आहेस का, अशी शंकाही कुठे नाही. अडलंय ते शेवटच्या दहा गुणांपाशी.

आता ते वाक्य बघ. त्यांचं म्हणणं असं की सलग २८ दिवस पुरेशी रक्कम खात्यात हवी, आणि १८ जून ते २१ जून या चार दिवसांत शिल्लक कमी पडली. मी पासबुक काढून पडताळलं. हिशेब असा: शेफील्ड लंडनबाहेर, म्हणून २०२५च्या दराने महिन्याला १,१३६ पौंड, नऊ महिन्यांचे १०,२२४. त्यात राहिलेली फी ८,००० पौंड. एकूण १८,२२४ पौंड, म्हणजे आपल्याकडचे साधारण २१ लाख. खात्यात २२ लाख ४० हजार होते. १८ जूनला मी त्यातले तीन लाख मुदत ठेवीत टाकले. व्याज बरं मिळेल, आणि कधीही मोडता येईल, असं डोक्यात होतं. २२ तारखेला तू सांगितलंस की स्टेटमेंट लागणार, तेव्हा मी ती ठेव मोडून पैसे परत आणले. पासबुकात त्या दोन ओळी एकाखाली एक दिसतात. मधले चार दिवस शिल्लक १९ लाख ४० हजार. अधिकाऱ्याने नेमकं तेच पाहिलं.

आपले पैसे कुठे गेले नव्हते, ठेवीतच होते, हे तुला-मला माहीत. पण ठेवीचा कागद आपण अर्जासोबत लावला नव्हता. अधिकाऱ्यासमोर फक्त बचत खात्याचं स्टेटमेंट होतं, आणि त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष बरोबर आहे.

म्हणून रिव्ह्यू नको. अॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू म्हणजे आपण दिलेल्या कागदांवरून निर्णय देताना अधिकाऱ्याने चूक केली का, एवढंच दुसरा अधिकारी तपासतो. तिथे आपण आता ठेवीचा कागद जोडला तर साधारणपणे तो बघितला जात नाही. ८० पौंड भरायचे, निकालाला कित्येक महिने लागू शकतात, आणि तोवर सप्टेंबरचा प्रवेश हातचा गेलेला असेल. शिवाय तो चालू असताना नवा अर्ज केलास तर रिव्ह्यू मागे घेतला असं धरतात. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाहीत.

रिव्ह्यू कधी करायचा, हे पण लक्षात ठेव, पुढे कुणाला लागेल. समज, तुझ्या स्टेटमेंटमध्ये २८ दिवस पुरे असते आणि त्यांनी तारखा मोजताना घोळ घातला असता, किंवा पाठवलेला जन्मदाखला मिळालाच नाही असं लिहिलं असतं, तर रिव्ह्यूच करायचा. पत्र हाती आल्यापासून २८ दिवसांत. न्यायाधिकरणापुढे अपील मात्र अशा स्टुडंट अर्जाला साधारणपणे नसतंच, त्यामुळे 'अपील करून देतो' म्हणणाऱ्याला आधी पत्रातलं अपिलाचं कलम दाखवायला सांगावं.

एक गोष्ट मी मुद्दाम दोनदा तपासली. खोटी माहिती किंवा बनावट कागद दिल्याचा आरोप कुठे केलाय का? नाही केलेला. तो असता तर हे पत्र वेगळंच झालं असतं. फसवणूक ठरली तर पुढची दहा वर्षं अर्ज नाकारले जाऊ शकतात, आणि तेव्हा घाईने नवा अर्ज करण्यापेक्षा वकिलाला दाखवणं पहिलं काम. तुझ्यावर तसं काही नाही, हा मला सगळ्यात मोठा दिलासा.

आता नवा अर्ज. विद्यापीठाला हे नकारपत्र पाठव आणि नवा कॅस माग. नाकारलेल्या अर्जाला वापरलेला कॅस पुन्हा चालत नाही. ते विचारतील की कारण दूर झालंय का, म्हणून सोबत नवं स्टेटमेंटही दे. पुन्हा २८ दिवस थांबावं लागेल, या भीतीने तू रडत होतीस ना? तसं नाही. २२ जूनपासून शिल्लक हललेली नाही. उद्या, ८ तारखेला मी बँकेतून स्टेटमेंट घेतो. त्यावरून मागे मोजलं की १२ जुलै ते ८ ऑगस्ट असे २८ दिवस होतात, आणि एकही दिवस शिल्लक कमी नाही. स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जाच्या दिवसापासून मागच्या ३१ दिवसांत हवी, म्हणजे ८ सप्टेंबरपर्यंत हे चालेल. पण तितका उशीर करू नकोस. साधारण तीन आठवडे निर्णयाला जातात, आणि कॅसवर हजर व्हायची शेवटची तारीख असते. विद्यापीठाकडून ती आधी विचारून घे.

पैसे माझ्या नावावर आहेत, म्हणून माझं संमतीपत्र आणि तुझा जन्मदाखला पुन्हा लागेल. दाखला नगरपालिकेचा, मराठीत आहे. त्याचं प्रमाणित भाषांतर मागच्या वेळी दिलं होतं, तेच काढून ठेवलंय. तरी आपल्या दोघांचं नाव दाखल्यावर आणि खात्यावर सारखं आहे का, ते तूही एकदा बघ. टीबीचा दाखला सहा महिने चालतो, तो अजून चालू आहे. आरोग्य अधिभाराचे पैसे परत येतील, व्हिसाची फी मात्र गेली.

नव्या फॉर्मात विचारतील, याआधी कुठला व्हिसा नाकारला गेलाय का. तिथे 'हो' लिही. तारीख, कारण, सगळं. हे लपवलं तर मघाशी म्हटलेली ती दहा वर्षांची भीती खरी होईल. सोबत मी एक पानभर लिहून देतो, १८ आणि २२ जूनला काय झालं ते, ठेव मोडल्याच्या पावतीसह.

ठेवीत एक पैसा टाकणार नाही आता. पौंडाचा भाव अर्जाच्या दिवशीचा धरतात, तो चढला तर कमी पडू नये म्हणून काकांकडून एक लाख मागवणार होतो, पण थांबलो. मोठी रक्कम अचानक आली तर ती कुणाची, याचा खुलासा मागू शकतात. आहेत ते २२ लाख ४० हजार पुरेसे आहेत.

उद्या सकाळी दहाला बँकेत जातो. तू विद्यापीठाला आजच मेल कर.

तुझे
बाबा