तू पाठवलेल्या आलेखाबद्दल

फोंडा,
5 एप्रिल 2025

चि. मेधास,
अनेक आशीर्वाद.

तुझा आलेख मिळाला. सोन्याचा डॉलरमधला भाव अमेरिकेच्या एम-2ने, म्हणजे लोकांकडची रोकड आणि बँकांतल्या बहुतेक ठेवी यांच्या बेरजेने, भागायचा. जानेवारी 1980च्या मानाने हा आकडा आज फारच खाली दिसतो, म्हणून सोनं अजून स्वस्त आहे, म्हणून फिक्स मोडून अक्षय तृतीयेला सोनं घेऊ का, असं तू विचारतेस. तीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढलेल्या माणसाला कॅल्क्युलेटर काढल्याशिवाय उत्तर देववत नाही. काल रात्री जेवणानंतर तेच करत बसलो.

जानेवारी 1980मध्ये लंडनचा भाव औंसाला 850 डॉलरवर गेला, तेव्हा एम-2 दीड ट्रिलियन डॉलरला जरासा कमी होता. म्हणजे एका ट्रिलियनमागे सुमारे 575 डॉलर. मार्चअखेर भाव 3,100च्या आसपास आणि एम-2 अंदाजे 21.7 ट्रिलियन, म्हणून 143. तुझा आलेख इथवर बरोबर आहे. 1980च्या पट्टीने आज सोनं साडेबारा हजार डॉलरला हवं.

आता पट्टी बदल. 1999च्या उन्हाळ्यात भाव 252 डॉलरपर्यंत उतरला होता आणि एम-2 साडेचार ट्रिलियन होता, म्हणजे 56. त्या हिशेबाने आजचा भाव बाराशेच हवा आणि सोनं अडीचपट महाग ठरतं. भाव तोच, भागाकार तोच, उत्तरं मात्र दोन टोकांची. आलेख काढणाऱ्याने सुरुवात कुठून केली यावरच सगळं ठरलं. त्याने 1980 निवडलं, आणि ते वर्ष तर सोन्याच्या वेडाचं शिखर!

त्या शिखराशी तुलना केली की काय होतं, हे 2011मध्ये दिसलं. सप्टेंबरमध्ये भाव 1,895 झाला. एम-2 साडेनऊ ट्रिलियन, म्हणून आकडा 200. म्हणजे 1980च्या जेमतेम तिसरा हिस्सा. "अजून खूप जागा आहे" असं तेव्हाही हाच आकडा दाखवून सांगता आलं असतं. डिसेंबर 2015मध्ये सोनं 1,050वर आलं होतं. दरम्यान एम-2 वाढतच राहिला, बारा ट्रिलियनच्या पुढे गेला. पैसा वाढला आणि सोनं पंचेचाळीस टक्के पडलं. आकडा 200वरून 85वर आला, पण तो येईल अशी सूचना आलेखात कुठेच नव्हती.

आणखी एक चूक त्या भागाकारातच आहे. पैसा वाढतो तसं जमिनीवरचं सोनंही वाढतं. खाणींतून वर्षाला साडेतीन हजार टनांच्या आसपास निघतं, आणि सोनं कोणी खाऊन संपवत नाही. ते लॉकरात, गळ्यात, देवळांत साठत जातं. 1980पासून हा साठा दुपटीच्या आसपास झाला आहे. म्हणजे प्रत्येक औंसाच्या वाट्याला येणारा पैसा आलेखात दिसतो त्याच्या निम्माच वाढला. साडेबारा हजाराचे लगेच सहा-सव्वासहा हजार होतात. शिवाय पैसा वाढला म्हणजे सगळी महागाईच वाढली असं नाही. माल आणि व्यवहार वाढले तरी पैसा वाढतोच, आणि सोन्याने त्या वाढीचाही पाठलाग करावा असा काही नियम नाही.

मग ही पट्टी टाकून द्यायची? तसं नाही. एका वर्षापासूनचं अंतर न मोजता सगळ्या वर्षांत आजचा आकडा कुठे बसतो ते पाहावं. 56 तळाजवळचा, 575 शिखर, 2011चं 200. त्यात 143 हा ना स्वस्ताईचा, ना वेडाचा. "थोडं वरचं" एवढंच मी म्हणेन, त्यापुढे माझी जीभ रेटत नाही.

आणि बाय, आपण रुपयांत विकत घेतो. 2011ला आईने दहा ग्रॅमला 28 हजारांच्या आसपासच्या भावाने पाटल्या घेतल्या होत्या. डॉलरमध्ये सोनं जवळजवळ अर्ध्यावर आलं तेव्हा आपल्याकडे भाव 25 हजारांच्या आसपासच होता. रुपया 47वरून 66वर घसरला, आयातशुल्कही वाढलं, म्हणून पडझड झाकली गेली. अमेरिकेच्या एम-2च्या आलेखात यातलं काहीच दिसत नाही.

तेव्हा लग्नासाठी दोन बांगड्या घ्यायच्या तर आपल्या सोनाराकडे घे, घडणावळ आधी विचार. फिक्स मात्र मोडू नकोस, तिला अजून सात महिने आहेत आणि आधी मोडल्यास व्याज कापतात. आई म्हणते तृतीयेला ये, फणस तयार असतील.

तुझा,
बाबा