सोमवारच्या तासाबद्दल

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी जरा तोडूनच बोलले. टाचण तू मनापासून काढलं आहेस, पण अपठित उताऱ्याच्या पस्तीस मिनिटांत बावीस मिनिटं तूच बोलणार आहेस. मुलं गप्प बसली की तुझ्याच्याने राहवत नाही, तू उत्तर सांगून टाकतेस.

दहावीच्या कुमारभारतीच्या ८० गुणांत अपठित गद्य ४ गुणांचं. तीन तासांच्या हिशोबाने त्याच्या वाट्याला ९ मिनिटं येतात. एक मिनिट कृती वाचायला, तीन मिनिटं पेन्सिल हातात धरून उतारा वाचायला, चार लिहायला, एक तपासायला. मुलं आधी उताराच दोनदा वाचतात आणि मग कृतीकडे वळतात, तिथेच वेळ जातो.

फळ्यावर एवढंच लिही: ‘माठाच्या भिंतीला बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपते आणि त्याची वाफ होते. त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून पाणी गार होते. हवा दमट असली की वाफ होणे मंदावते.’

खाली प्रश्न: ‘पावसाळ्यात माठातले पाणी फारसे गार का होत नाही?’ मुलं ‘पाणी’ आणि ‘गार’ शोधतील आणि ‘म्हणून पाणी गार होते’ हे वाक्य उतरवतील. ‘पाणी’ उताऱ्यात जागोजागी आहे, त्यावरून जागा सापडत नाही. प्रश्नातला वेगळा शब्द ‘पावसाळा’, आणि तो उताऱ्यात नाहीच! पावसाळ्यात हवा कशी असते, एवढंच विचार आणि थांब. मनातल्या मनात वीस आकडे मोज. ‘दमट’ त्यांनाच सापडू दे.

दुसरा प्रश्न: ‘पाणी कशातून झिरपते?’ कोणीतरी ‘त्यांतून’ असंच लिहील. सर्वनाम आलं की मागच्या वाक्यात जाऊन नाम आणायचं: माठाच्या भिंतीतल्या बारीक छिद्रांतून. ‘म्हणून’ दिसलं की कारण त्याच्या आधी असतं, ‘कारण’ दिसलं की पुढे.

या दोन प्रश्नांना बारा मिनिटं पुरेत. मग नवा उतारा दे, घड्याळ लाव आणि नऊ मिनिटं तोंड मिटून फिर. पुन्हा तेच सांगतेय, रागावू नकोस. उरलेल्या वेळात उत्तर विचारू नकोस. कुठल्या ओळीवर बोट ठेवलंस, ते विचार. उत्तर चुकलं आणि ओळ बरोबर असली तर अडचण लिहिण्यात आहे. ओळच चुकली तर शोधण्यात. दोन्हींचा सराव वेगळा.

फळ्यावरचं तुझं अक्षर आजीसारखं आलंय, शेवटच्या बाकावरूनही दिसतं. लहानपणीही ताईचं उत्तर तूच आधी द्यायचीस, ती रडायची. जाऊ दे.

बाबांची साखर आता ठीक आहे. डबा नेत जा. वीस आकडे, मनू.

तुझी
आई