तक्रार पत्र: ‘सेव्ह करप्ट झाली’ हे उत्तर मान्य नाही, जुनी पॅक फाइल परत द्यावी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पुणे.

विषय: युरो ट्रक सिम्युलेटर २ या संगणकावरच्या खेळातील मॉड पॅक बदलताना झालेले नुकसान व तुमच्या तंत्रज्ञाची चुकीची सेवा.

स. न. वि. वि.

तुमच्या कर्वे रस्त्यावरच्या शोरूममधून मी स्टिअरिंग, पेडल आणि सीटचा पूर्ण सेट घेतला आहे. त्याबरोबर तुमचा भारतीय ट्रकांचा मॉड पॅकही, म्हणजे खेळात नवे ट्रक आणणारी फाइलही, घेतला होता. या दोन्हींबद्दल माझी तक्रार नाही. पेडल मजबूत आहेत आणि पॅकमधल्या ट्रकचा हॉर्न ऐकून शेजारच्या काकूंनी खिडकीतून खाली डोकावून पाहिलं होतं. तक्रार आहे ती गेल्या महिन्यात पॅकची नवी आवृत्ती टाकायला घरी आलेल्या तुमच्या तंत्रज्ञाच्या कामाबद्दल आणि त्यानंतर फोनवर मिळालेल्या उत्तराबद्दल.

घडलं ते असं. तंत्रज्ञाने mod फोल्डरमधली जुनी sadak_pack_v3.scs काढली, “दोन्ही ठेवल्या तर क्लॅश होतो” म्हणून रिसायकल बिनही रिकामा केला आणि sadak_pack_v4.scs टाकली. मॉड मॅनेजरमध्ये ती सुरू केली आणि माझा नेहमीचा प्रोफाइल उघडून शेवटची सेव्ह लोड केली. खेळाने सरळ इशारा दिला, की ही सेव्ह ज्या मॉडवर केली होती त्यातला एक आता सापडत नाही, पुढे जायचं का? मी “थांबा, वाचू द्या” म्हणेपर्यंत त्यांनी होकार दाबला होता. आत गेलो तर मी चालवत होतो तो ट्रक नाही आणि खेळात मी नेमलेले दोन ड्रायव्हर गाडीविना बसलेले. त्यावर त्यांनी ‘डेमो’ म्हणून थोडी गाडी फिरवली. त्यामुळे ऑटोसेव्ह या नव्या, अर्धवट अवस्थेतच झाली.

फोन केल्यावर तुमच्या कार्यालयातून सांगण्यात आलं, “सर, सेव्ह फाइल करप्ट झाली आहे, गेमच्या अपडेटमुळे होतं असं. नवीन प्रोफाइल काढा.” या एका वाक्यातली दोन्ही विधानं चुकीची आहेत.

आधी अपडेटचं बघू. खेळ स्वतः नोंदी लिहितो त्या game.log.txt च्या सुरुवातीच्या ओळींतच खेळाची आवृत्ती लिहिलेली असते. तंत्रज्ञ येण्याआधीचा लॉग माझ्याकडे कॉपी करून ठेवलेला आहे आणि नंतरचाही आहे. दोन्हींत आवृत्ती तीच आहे. खेळ बदलला नव्हता, बदललं होतं ते तुमचं पॅक.

आता ‘करप्ट’. सेव्ह करप्ट असेल तर ती उघडतच नाही, किंवा लोड होताना खेळ बंद पडतो. माझी सेव्ह उघडते. पैसे, लेव्हल, बँकेचं कर्ज, फिरलेले रस्ते, सगळं जागच्या जागी आहे. गायब आहे तेवढंच, जे तुमच्या पॅकमधून आलेलं होतं. अशी नेमकी निवड करून फाइल करप्ट होत नाही.

शिवाय सेव्ह स्वतःच सांगते की तिला काय हवं आहे. माझ्या config.cfg मध्ये पहिल्यापासून ही ओळ आहे, त्यामुळे सेव्ह साध्या मजकुरात लिहिल्या जातात आणि नोटपॅडमध्ये वाचता येतात:

```
uset g_save_format "2"
```

तंत्रज्ञ येण्याआधी मी स्वतः नाव देऊन केलेली एक सेव्ह आहे. ऑटोसेव्ह एकावर एक लिहिल्या जातात, पण नाव दिलेली सेव्ह आपण पुसेपर्यंत तशीच राहते. तिच्या फोल्डरमधल्या info.sii मध्ये ही ओळ आहे:

```
dependencies[7]: "mod|sadak_pack_v3|Sadak Pack"
```

स्वतः टाकलेल्या मॉडला खेळ ओळखतो तो त्याच्या फाइलच्या नावावरून. तुम्ही नावात v3 च्या जागी v4 केलंत, तर खेळाच्या लेखी जुना मॉड गेला आणि कुणी भलताच आला. स्टीम वर्कशॉपच्या मॉडला क्रमांक असतो आणि नवी आवृत्ती आली तरी तो क्रमांक बदलत नाही, म्हणून तिथे ही अडचण येत नाही. तुम्ही फाइल पेन ड्राइव्हवरून देता, तेव्हा नाव कायम ठेवणं ही तुमचीच जबाबदारी होते. आवृत्तीचा आकडा लिहायला फाइलच्या आतल्या manifest.sii मध्ये स्वतंत्र जागा असते.

एवढ्यावर तुमचे लोक म्हणतील, “मग v4 ला v3 नाव द्या की.” ते मी करून पाहिलं. प्रोफाइलचं फोल्डर Documents मधल्या profiles फोल्डरमध्ये कॉपी केलं, म्हणजे मूळ सेव्हला हात लागणार नाही. मग फाइलचं नाव बदलून जुनी सेव्ह उघडली. इशारा आला नाही, मॉड मॅनेजरमध्ये पॅकही सुरू दिसलं. ट्रक मात्र नाहीच.

खरं कारण इथे सापडलं. सेव्हच्या फोल्डरमधल्या game.sii मध्ये ट्रक म्हणून काही चित्र किंवा मॉडेल साठवलेलं नसतं. त्यात प्रत्येक भागाचा फक्त पत्ता असतो. माझ्या ट्रकचा पत्ता असा:

```
data_path: "/def/vehicle/truck/sadak.t16/data.sii"
```

तुमची v4 फाइल उघडून पाहिली, तर तोच ट्रक त्यात sadak.t16_new या फोल्डरमध्ये आहे. इंजिन, चेसिस, केबिन, सगळ्यांचे पत्ते त्याबरोबर बदलले. भाडेकरूने घर सोडलं आणि पोस्टमनला कळवलं नाही, तर पत्रं परत जाणारच. सेव्ह जुन्या पत्त्यावर ट्रक शोधते, तिथे कुणी नाही, म्हणून ती वाहन काढून टाकते. game.log.txt मध्ये नेमक्या याच पत्त्यांच्या नावाने <ERROR> च्या ओळी आहेत. सोबत प्रत जोडली आहे.

म्हणजे माझी सेव्ह धडधाकट आहे. तिला हवी आहे मूळ sadak_pack_v3.scs, आणि ती तुमच्या माणसाने माझ्या देखत पुसली. मी मागितली तेव्हा उत्तर मिळालं, “जुनं व्हर्जन आता सपोर्टेड नाही.” सपोर्ट कुणी मागितला होता? फाइल मागितली होती.

बॅकअपबद्दलही लिहितो, कारण तुमच्या जॉब शीटवर ‘बॅकअप घेतला’ अशी टिक आहे. तंत्रज्ञाने Documents\Euro Truck Simulator 2\profiles हे फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी केलं. माझा प्रोफाइल स्टीम क्लाउडवर आहे. क्लाउड सुरू असलेल्या प्रोफाइलच्या सेव्ह त्या फोल्डरमध्ये नसतातच. त्या स्टीमच्या userdata फोल्डरमध्ये, आपल्या खात्याच्या क्रमांकाखाली, 227300\remote\profiles इथे असतात. 227300 हा स्टीमवर या खेळाचा क्रमांक आहे. तुमच्या माणसाने कॉपी केलेलं फोल्डर रिकामं होतं आणि त्याने ते उघडूनही पाहिलं नाही. योग्य फोल्डर चटकन ओळखू येत नाही हे मान्य, कारण प्रोफाइलच्या फोल्डरला आपण दिलेलं नाव नसतं, त्या नावाची हेक्स अक्षरं असतात. माझ्या प्रोफाइलचं नाव Pune आहे, म्हणून फोल्डर 50756E65. पण हेच काम करून पैसे घेणाऱ्याला एवढं माहीत असायला हवं. आणि क्लाउड म्हणजे बॅकअप अशी समजूत असेल तर तीही सोडा. इथे बिघडलेली ऑटोसेव्ह तिथेही इमानदारीने चढते.

खरं तर काम सोपं होतं. खेळ बंद असताना प्रोफाइलचं संपूर्ण फोल्डर आणि जुनी .scs फाइल एकत्र बाजूला ठेवायची. दोन्ही एकत्र, कारण एकीशिवाय दुसरीचा उपयोग नाही, हे माझ्या प्रकरणात दिसलंच आहे. मग जुनं पॅक सुरू असतानाच हातातलं भाडं पूर्ण करायचं, पॅकमधले ट्रक विकायचे, ड्रायव्हरांना खेळातले मूळ ट्रक द्यायचे आणि नाव देऊन सेव्ह करायची. आता सेव्हमध्ये पॅकचा एकही पत्ता उरत नाही. यानंतर पॅक बदला, आधी नव्या कोऱ्या प्रोफाइलमध्ये चालवून बघा, लॉगमध्ये पॅकच्या नावाने ERROR ची ओळ नसेल तरच जुना प्रोफाइल उघडा. नवे ट्रक मग विकत घेता येतात. विकताना थोडे खेळातले पैसे बुडतात, ते मी आनंदाने सोसले असते. तुमच्या पॅकमध्ये नकाशा नाही हे माझं नशीब. नकाशाचा मॉड असा काढला असता तर त्या शहरांतली गॅरेजही गेली असती, आणि त्यावर ट्रक विकण्याएवढा सोपा उपाय नाही.

माझ्या मागण्या अवाजवी नाहीत. sadak_pack_v3.scs ही फाइल, नाव न बदलता, मला द्यावी. घरी येऊन काम करण्याचे घेतलेले पैसे परत करावेत, कारण जॉब शीटवर टिक केलेलं बॅकअपचं काम झालेलंच नाही. आणि पुढच्या आवृत्तीत जुन्या sadak.t16 चं फोल्डर तसंच ठेवून नवा ट्रक त्याच्या शेजारी घालावा. फाइल थोडी मोठी होईल, पण तुमच्या बाकीच्या ग्राहकांचे ट्रक वाचतील. तुमच्या शोरूममध्ये भेटलेल्या आणखी एका गृहस्थांना हाच अनुभव आला आहे. ते बिचारे तुमच्या सल्ल्याप्रमाणे नवीन प्रोफाइल काढून पहिल्या लेव्हलपासून चालवत आहेत. त्यांची जुनी सेव्हही बहुधा शाबूत असेल, त्यांनाही फाइल पाठवा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास सेवेतील त्रुटी म्हणून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करेन. जॉब शीटची प्रत, दोन्ही लॉग आणि वरच्या ओळी असलेल्या info.sii व game.sii सोबत जोडल्या आहेत. तोवर तुमच्या कुणाही तंत्रज्ञाला माझ्या संगणकाला दूरवरून जोडणी देणार नाही. फाइल फक्त ईमेलवर लिंकने पाठवावी, टाकायची मी बघून घेईन.

कळावे,
आपला,
एक ग्राहक, सदाशिव पेठ, पुणे